आभाराच्या पोस्टमध्ये ती रमजानची तारीख लिहा

प्रश्न: मी मोडी लिपी शिकवणारं एक छोटं यूट्यूब चॅनेल चालवते. पाच हजार सबस्क्रायबर होत आलेत, म्हणून आभाराची पोस्ट लिहून ठेवली आहे: "५००० चा टप्पा पार! तुमच्या प्रेमामुळे आणि आशीर्वादामुळेच हे शक्य झालं. हे चॅनेल माझं नाही, तुमचंच आहे. असंच प्रेम राहू द्या. लाइक, शेअर आणि सबस्क्राइब करायला विसरू नका!" मैत्रिणीला दाखवली, तर ती म्हणाली, "ही कुणाचीही पोस्ट असू शकते. लोकांनी तुझ्यासाठी काय केलं ते लिही." पण लोकांनी असं काय केलंय? कागद मी वाचते, चित्रीकरण आणि संकलन नवरा करतो, प्रेक्षक बघतात. हो, एकाने एका पत्राची तारीख चुकल्याचं सांगितलं होतं, एका कुटुंबाने घरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं जुन्या कागदांचं बाड, वाचायला दिला, आणि जाहिरातींच्या पैशांतून स्कॅनर घेतला. पण दोघा-तिघांचाच उल्लेख केला तर बाकीचे नाराज होतील ना? आणि आपली चूक आपणच चारचौघांत कशाला सांगायची?
— एक मोडी शिक्षिका

उत्तर: तुमच्या पत्रात "हो" म्हणून सुरू होणारं एक वाक्य आहे. ते तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमची पोस्ट त्याच वाक्यात आहे. ते वाचल्यावर मी तुमच्याकडून त्या व्हिडिओचा दुवा मागवला आणि त्याखालच्या प्रतिक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. तिथे काय घडलं ते इतर वाचकांसाठी जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पेशवाईतल्या पत्रांवर साल बहुतेक वेळा अरबी संख्यानामांत लिहिलेलं असतं. आधी एकक, मग दशक, मग शतक आणि शेवटी हजार. तुम्ही त्या पत्रावरचं साल "सलास सबैन मया व अलफ" असं वाचलंत. तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे त्या काळच्या शुहूर कालगणनेप्रमाणे सन ११७३. हा सन मृगाला बदलतो. तारीख मृगापासून डिसेंबरपर्यंतची असेल तर या सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००, की इसवी सन मिळतो. पत्रावर "छ २० रमजान", म्हणजे रमजानची २० तारीख आहे. त्यावरून तुम्ही डिसेंबर १७७२ सांगितलंत, आणि गणित म्हणून ते बरोबरच होतं.

मग एका प्रेक्षकाने लिहिलं की पत्रात माधवराव पंडित प्रधानांचा, म्हणजे माधवराव पेशव्यांचा, उल्लेख ते हयात असल्यासारखा आहे, आणि माधवराव तर १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. मग कागदाच्या घडीवर जिथे शाई उडाली आहे, तिथे "सबैन" नसून "सितैन" असेल का? सत्तरच्या जागी साठ घेतले की साल ११६३ होतं. त्या सालातला रमजान मार्च-एप्रिल १७६३ मध्ये पडतो आणि माधवरावांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात पत्र अगदी व्यवस्थित बसतं. तुम्ही कागद पुन्हा मोठा करून पाहिलात, प्रतिक्रियेखाली "सितैनच आहे" असं कबूल केलंत, आणि त्यानंतर कालगणनेवर सलग सहा व्हिडिओ केलेत. हे सहा व्हिडिओ तुमच्या मूळ यादीत नव्हते, असं तुम्हीच तिथे लिहिलं आहे.

आता "प्रेक्षक बघतात" हे तुमचं वाक्य पुन्हा वाचा. त्या माणसाने व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, पत्राचा मजकूर लक्षात ठेवला, जंत्री उघडली, आणि वाद न घालता तुम्हाला प्रश्न विचारला. त्यातून तुमच्या चॅनेलवर एक अख्खी मालिका आली. एवढं सगळं घडलेलं असताना पोस्टमध्ये "तुमच्या प्रेमामुळे" एवढंच लिहिलं, तर त्या माणसाला आपल्या कामाची नोंद झाली असं वाटणार नाही, आणि बाकीच्यांना असं काही घडलं होतं हे कळणारच नाही.

तेव्हा पोस्टमधल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: ही माणसं नसती, तर नेमकं काय झालं नसतं? ज्या वाक्याला उत्तर आहे ते ठेवायचं, ज्याला नाही ते काढायचं. तुमच्या मसुद्यातलं "आशीर्वादामुळे शक्य झालं" हे वाक्य इथेच गळतं. "हे चॅनेल तुमचंच आहे" हेही मी काढायला सांगेन, कारण ते खरं नाही. कुठला कागद घ्यायचा, कुठला नाही, काय छापील पुस्तकाशी ताडून मगच बोलायचं, हे सगळं तुम्ही ठरवता आणि तुम्हीच ठरवायला हवं. उद्या कुणी म्हणालं, "आमचंच चॅनेल आहे ना, मग आमच्या घराण्याची वंशावळ दाखवा," तर ते वाक्य तुमच्याच अंगाशी येईल.

ही उत्तरं आठवून मिळत नाहीत, ती शोधावी लागतात. एक संध्याकाळ काढा. गेल्या वर्षभरातल्या व्हिडिओंची यादी एका वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा की हा विषय कुठून आला. मग यूट्यूब स्टुडिओत प्रतिक्रियांच्या पानावर जाऊन शोधाच्या खिडकीत "चूक", "तारीख", "हळू", "कसं वाचायचं", "पुढचा भाग" असे शब्द टाकून बघा. तपासणीसाठी रोखून ठेवलेल्या प्रतिक्रियांचा वेगळा कप्पा असतो, तोही उघडा. ज्यांनी दुरुस्ती सुचवताना एखाद्या जंत्रीची किंवा पुस्तकाची लिंक दिली असेल, त्यांच्या प्रतिक्रिया तिथे अडकून पडल्या असण्याची शक्यता असते. शेवटी व्हॉट्सॲप आणि ईमेल बघा, कारण कागद देणारी माणसं सहसा चारचौघांत लिहीत नाहीत.

तुमच्या प्रतिक्रिया वाचताना मला एक गोष्ट दिसली, जी तुमच्या पत्रात नाही. "बोरू जरा हळू चालवा", "अक्षराचा शेवट कुठे होतो ते दिसत नाही" अशा अर्थाचं कितीतरी जणांनी लिहिलं आहे, आणि अलीकडच्या व्हिडिओंत तुम्ही प्रत्येक अक्षर दोनदा लिहून दाखवता, दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने. मोडीत हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं असतं, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे शिकणाऱ्याला नेमका जोडच दिसत नाही. हा बदल तुम्हाला इतका अंगवळणी पडला आहे की तो प्रेक्षकांनी करवून घेतला, हे तुमच्या लक्षातच राहिलेलं नाही. बहुतेक चॅनेलवाल्यांचं असंच होतं. मोठी देणगी आठवते, पण रोजच्या कामाची रीत बदलणारी लहानशी सूचना विसरली जाते.

नाराजीच्या भीतीचं उत्तर इथेच आहे. आभार माणसांच्या यादीचे मानू नका, केलेल्या गोष्टींचे माना. "हळू लिहा असं ज्यांनी सांगितलं" म्हटलं की त्यात पंचवीस-तीस माणसं आपोआप येतात आणि प्रत्येकाला आपली जागा सापडते. ज्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही, ते अशा उल्लेखाने रुसत नाहीत. उलट त्यांना पहिल्यांदा कळतं की इथे शंका विचारली तर तिचं काहीतरी होतं.

पैशांबद्दल थोडं थांबून बोलते, कारण तिथे आभार चुकीच्या माणसांकडे जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. स्कॅनर पाच हजार सबस्क्रायबरांमुळे आलेला नाही. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्याबरोबर मागच्या बारा महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओ ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागतात. (शॉर्ट्सच्या बळावर जायचं तर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज, हा वेगळा रस्ता आहे. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या चार हजार तासांत धरत नाहीत.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका माणसाने एका वेळी सरासरी आठ मिनिटं पाहिलं असं धरलं, तर तीस हजार वेळा कुणीतरी तुमच्यासमोर आठ मिनिटं बसलेलं असावं लागतं. त्यापुढे पैसा येतो तो व्हिडिओवर दिसणाऱ्या जाहिरातींमधून. सबस्क्रायबरांचा आकडा वाढला म्हणून वेगळा एक रुपयाही मिळत नाही. तुमच्या ॲनालिटिक्समध्ये पाहिलेला वेळ सबस्क्राइब केलेल्यांचा किती आणि न केलेल्यांचा किती, हे वेगवेगळं दिसतं. ते एकदा बघा. छोट्या शिकवणीच्या चॅनेलवर न केलेल्यांचा वाटा मोठा असणं अगदी साहजिक आहे, कारण माणूस शोधत येतो, आपलं अडलेलं अक्षर बघतो आणि जातो. तुमच्या स्कॅनरमध्ये त्याचीही मिनिटं आहेत. आकड्याची पोस्ट लिहिताना नेमका तोच सुटतो.

आणि तो का शोधत आला, हेही प्रामाणिकपणे बघायला हवं. कुणबी नोंदींच्या तपासासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर जुन्या मोडी नोंदी वाचण्याची गरज एकदम वाढली. तुमच्या प्रतिक्रियांमध्येही "आजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचायचं आहे" असं म्हणणारे बरेच आहेत. ही माणसं गरजेपोटी आली आणि त्यातली काही शिकण्यासाठी थांबली. त्यांना "तुमचं प्रेम" म्हणण्यापेक्षा "घरातला कागद स्वतः वाचता यावा म्हणून जे आले" असं म्हटलं तर त्यांना आपली ओळख पटेल.

आता रुमालाबद्दल, आणि इथे मी तुम्हाला हात आखडता घ्यायला सांगणार आहे. घरातल्या मोडी कागदांत सनदा असतात, गहाणखतं असतात, भाऊबंदांच्या वाटण्या असतात, वतनाचे कज्जे असतात. गावाचं आणि आडनावाचं नाव घेतलं की पंचक्रोशीत कळतं कागद कुणाकडे आहेत. कोर्टात एखादा जमिनीचा दावा चालू असेल, तर तुमचा आभाराचा परिच्छेद त्या कुटुंबाला महागात पडू शकतो. त्यांनी व्हिडिओला परवानगी दिली होती म्हणजे या पोस्टलाही दिली आहे, असं धरून चालू नका. पोस्टमधला त्यांचा परिच्छेद जसाच्या तसा त्यांना पाठवा आणि लेखी होकार घ्या. तारीख दुरुस्त करणाऱ्या प्रेक्षकालाही विचारा. त्यांचं टोपणनाव प्रतिक्रियेत सगळ्यांना दिसतंच आहे, तरी ते पोस्टच्या पहिल्या ओळीत आणण्याआधी विचारणं बरं.

रुमालाचा उल्लेख केला की आणखी एक होईल: आठवडाभरात तुमच्या फोनवर लोकांच्या घरच्या कागदांचे फोटो येऊ लागतील आणि प्रत्येकाला फुकट वाचन हवं असेल. त्याला तुम्ही पुरे पडणार नाही. म्हणून तुम्ही किती आणि कसं घेऊ शकता, ते त्याच पोस्टमध्ये एका ओळीत सांगून टाका. "लाइक, शेअर आणि सबस्क्राइब"च्या जागी ती ओळ घाला. आभार मानता मानता लगेच मागणं मांडलं की वाचणाऱ्याला आभार हे मागण्याचं निमित्त वाटतं. कामाशी जोडलेलं निमंत्रण तसं वाटत नाही.

चुकीबद्दल तुम्ही विचारलंत. ती चूक आधीच चारचौघांत आहे, त्या व्हिडिओच्या खाली. जो मोडी शिकतो आहे त्याला शिक्षिकेचं वाचन घडीवरच्या पुसट शाईमुळे कसं फसू शकतं आणि मजकुरातल्या एका उल्लेखावरून ते कसं पकडता येतं, हे कळणं फार मोलाचं आहे. शिवाय ती चूक न सांगता त्या प्रेक्षकाचे आभार मानताच येत नाहीत. "मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल" असं लिहिलंत तर पुन्हा काहीच सांगितलं जाणार नाही.

मी लिहिलं असतं तर असं काहीतरी झालं असतं. शब्द तुमचे घाला, क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा:

> एका पत्राची तारीख मी डिसेंबर १७७२ सांगितली होती. ते पत्र खरं एप्रिल १७६३ चं आहे, आणि हे तुमच्यापैकी एकाने दाखवून दिलं. पत्रात माधवराव पेशवे हयात आहेत, मग ते १७७२ च्या डिसेंबरातलं कसं असेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी "सितैन"चं "सबैन" वाचलं होतं. शुहूर सनावरचे सहा व्हिडिओ त्या प्रश्नातून आले.
>
> "बोरू हळू चालवा" असं तुम्ही अनेकांनी लिहिलंत. आता प्रत्येक अक्षर दोनदा लिहिते, दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने, ते तुमच्या सांगण्यामुळे.
>
> एका कुटुंबाने घरातला रुमाल विश्वासाने माझ्या हाती दिला. छापील पुस्तकातल्या नमुन्यांऐवजी खऱ्या पत्रांवर आपण सराव करू शकलो, तो त्यांच्यामुळे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-गाव सांगत नाही.
>
> तुम्ही बसून पाहिलेल्या मिनिटांतून जाहिरातींचं उत्पन्न सुरू झालं आणि त्यातून स्कॅनर आला. घडीवरची पुसट अक्षरं आता पडद्यावर दिसतात ती त्यामुळे. त्यात सबस्क्राइब न करता, घरातला एखादा कागद वाचण्यापुरते आलेलेही सगळे आहेत.
>
> आज आपण पाच हजार झालो. चित्रीकरण आणि संकलन पहिल्या व्हिडिओपासून माझ्या नवऱ्याचं आहे. अख्खा कागद वाचून देणं मला जमणार नाही, पण वाचताना अडलेला एखादा शब्द असेल तर त्याचा फोटो ईमेलवर पाठवा. दर रविवारी त्यातले तीन शब्द व्हिडिओत सोडवेन.

पाच हजार हा आकडा शेवटच्या परिच्छेदात गेला आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. फोनवर लांब पोस्टच्या सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात आणि उरलेलं वाचायला बोट लावावं लागतं. त्या ओळींत "टप्पा पार" असेल तर पुढे काय असणार ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं. तारीख चुकल्याचं असेल तर तो बोट लावतो.

दुसऱ्या विषयांवरच्या चॅनेललाही हाच प्रश्न चालतो. समजा, भाकरी शिकवणाऱ्या एखाद्या ताईंना कुणी विचारलं की "आमच्याकडे मिळणारं ज्वारीचं पीठ विरी गेलेलं असतं, भाकरी थापतानाच तुटते", आणि त्यावरून त्यांनी पिठात उकळतं पाणी घालून भाकरी करण्याचा व्हिडिओ केला. तर त्यांच्या दहा हजारांच्या पोस्टची पहिली ओळ विरी गेलेल्या पिठाची असायला हवी. आणि खरंच कुणी काही विचारलेलं, दिलेलं, सुधारलेलं सापडलं नाही, तर ओढूनताणून काही रचू नका. "इतक्या जणांनी पाहिलं, त्यातला हा व्हिडिओ सगळ्यात जास्त वेळ पाहिला गेला, म्हणून पुढचा त्याच विषयावर करते आहे" एवढंही पुरेसं आहे, कारण ते खरं आहे.

पोस्ट टाकलीत की त्याच दिवशी त्या जुन्या व्हिडिओकडेही जा. चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलून त्याच पत्त्यावर नवी ठेवता येत नाही, त्यामुळे डिसेंबर १७७२ तिथे तुमच्या आवाजात कायम राहणार आहे. वर्णनाच्या पहिल्या ओळीत बरोबर तारीख लिहा, आणि त्या प्रेक्षकाने जिथे प्रश्न विचारला ती प्रतिक्रिया सगळ्यात वर पिन करा. पोस्ट सगळ्या सबस्क्रायबरांना दिसतेच असं नाही, आणि दिसली तरी दोन-चार दिवसांत मागे पडते. तो व्हिडिओ मात्र लोक अजून बराच काळ शोधून बघतील.

आकडा नेमका पाच हजारांवर येण्याची वाट बघत बसू नका, आणि आला त्या मिनिटाला पोस्ट टाकायची घाईही करू नका. बंद झालेली आणि बनावट खाती यूट्यूब अधूनमधून वगळतं, त्यामुळे आकडा पाच हजारांवर जाऊन पुन्हा खाली येऊ शकतो. तो थोडा पुढे गेला की टाका. तोवर त्या कुटुंबाचं उत्तर येईल. नाही आलं, तर त्यांचा परिच्छेद वगळून बाकीची पोस्ट टाका, आणि होकार मिळाला की त्यांचे आभार त्या रुमालातल्या पुढच्या पत्राच्या व्हिडिओत माना.